पित्त, भात आणि हत्तीची सोंड

दिवस पहिला : तंजावर

बृहदीश्वराच्या देवळात मावशी एका भिंतीसमोर थांबली आणि मोठ्यानं वाचायला लागली. भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास तिथं मराठीत, देवनागरीत, दगडावर कोरून ठेवलेला आहे. सरफोजीराजांच्या काळातला, १८०३ सालचा. मावशीला जोडाक्षरं अडत होती, पण ती हटून पुढे सरकत होती, आणि आसपासची शाळेची पोरं तिच्याकडे कौतुकानं बघत होती.

त्याच देवळाच्या जोत्यावर सगळीकडे दुसरी अक्षरं आहेत. राजराजाच्या वेळची, म्हणजे हजार वर्षांपूर्वीची तमिळ. त्यांच्यापुढे मी उभी राहिले तेव्हा नुसती नक्षी दिसली. कुठे शब्द संपतो, कुठे सुरू होतो, काही कळेना.

"तू एवढी शिकलीस आणि तुला एक अक्षर येत नाही?" मावशी म्हणाली.

"तुला येतं?"

"मला कशाला यायला हवं? मी सत्तर वर्षांची आहे."

त्यावरून पैज लागली. कुंभकोणमला आम्ही तीन दिवस राहणार होतो. तेवढ्यात मी एक तरी पाटी कुणालाही न विचारता वाचून दाखवायची. पाटी मावशी निवडणार. अक्षरतक्ता विकत घ्यायला परवानगी होती. फोनला नव्हती.

दुपारी सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रं पाहिली. काचेखाली लांबट पट्ट्या, त्यांवर मुंगीएवढी अक्षरं. तमिळमध्ये व्यंजनाचा पाय मोडायचा असेल तर अक्षराच्या डोक्यावर टिंब देतात, त्याला पुळ्ळी म्हणतात. ताडपत्रावर लिहिणारे हे टिंब सहसा देत नसत, कारण लोखंडी लेखणीचं टोक एका जागी दाबलं की पानाला भोक पडे. हे वाचून मी पुढच्या कपाटाकडे गेले. हीच गोष्ट दोन दिवसांनी मला नडणार होती, पण तेव्हा काय कल्पना!

दिवस दुसरा : रेल्वे आणि पाटी

तंजावर ते कुंभकोणम प्रवास लहानसाच. खिडकीशी बसून मी स्टेशनांच्या पाट्या टिपल्या. या पाट्यांवर एकच नाव तीन लिप्यांत असतं : तमिळ, देवनागरी, रोमन. अनोळखी लिपी फोडायला याहून चांगलं साधन नाही. इजिप्तची चित्रलिपी फोडतानाही सुरुवात विशेषनामांपासून झाली, कारण टॉलेमी काय आणि क्लिओपात्रा काय, नाव कुठल्याही भाषेत साधारण तसंच ऐकू येतं. शब्दाचा अर्थ माहीत असून भागत नाही, उच्चार माहीत असावा लागतो, आणि तो नावात फुकट मिळतो.

पापनाशम स्टेशनात गाडी थोडी रेंगाळली. पाच अक्षरं. पहिलं आणि दुसरं सारखंच : वरून उघडी चौकट, झाकण नसलेल्या खोक्यासारखी. फरक इतकाच की पहिल्याच्या उजवीकडे एक सुटी उभी खूण होती. म्हणजे चौकट 'प' आणि ती उभी खूण म्हणजे काना. शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर टिंब, म्हणजे पाय मोडका 'म'. एका पाटीत तीन गोष्टी हाती लागल्या. गंमत म्हणजे डब्यातला एक माणूस फोनवर ते नाव सांगत होता आणि त्याच्या तोंडून मला 'पाबनासम' असं ऐकू आलं. चौकट तीच, पण शब्दाच्या सुरुवातीला 'प' आणि दोन स्वरांच्या मध्ये आली की 'ब'. तमिळमध्ये क-ख-ग-घ या चारांना मिळून एकच अक्षर, त-थ-द-धला एकच, प-फ-ब-भला एकच. अक्षर कुठल्या जागी बसलंय त्यावरून उच्चार ठरतो.

पुढे स्वामिमलै आलं. तिथं 'मि' मिळाला. वेलांटी अक्षराच्या उजव्या खांद्यावरून वर जाऊन वळते. शेवटी 'लै'. आपण मात्रा अक्षराच्या डोक्यावर देतो. इथं 'ऐ'ची खूण अक्षराच्या आधी, डावीकडे, स्वतंत्र लिहितात. दोन वेटोळ्यांची खूण आणि मग 'ल'. पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं. मग लक्षात आलं, आपली ऱ्हस्व वेलांटी तरी काय, बोलताना अक्षरानंतर आणि लिहिताना आधी.

कुंभकोणमला उतरून सामान टाकलं आणि संध्याकाळी बाजारात फिरताना मावशीनं तिची पाटी निवडली. मुद्दाम वाईट निवडली असं माझं आजही मत आहे.

एका अरुंद गल्लीत, बंद फळ्यांच्या दारावर, एक लाकडी पाटी. केव्हातरी निळी असावी, आता राखेच्या रंगाची. अक्षरं पिवळी असावीत, आता पाटीहून जेमतेम फिकट. तीन ओळी. वरच्या ओळीवरून विजेच्या तारांचा जुडगा गेलेला आणि तिचा निम्मा भाग उडालेला. खालच्या दोन ओळी मोठ्या अक्षरांत. दाराबाहेर काहीच मांडलेलं नव्हतं, त्यामुळे दुकान कशाचं याचा पत्ता नाही.

"ही," मावशी म्हणाली.

मी वहीत पाटी जशीच्या तशी काढून घेतली. यात एक पथ्य पाळावं लागतं, आणि ते मी पहिल्याच दिवशी मोडलं : जे दिसतं ते काढायचं, जे असावं असं वाटतं ते नाही. एक अक्षर मला अर्धवट दिसलं, मी ते 'काना'च असणार असं धरून सरळ उभी रेघ ओढली. ती चूक मला एक दिवस महाग पडली.

दिवस तिसरा : सकाळ, लॉजच्या खोलीत

मुलांचा अक्षरतक्ता आदल्या रात्रीच घेतला होता. त्यावर बारा स्वर, अठरा व्यंजनं, त्यांची दोनशे सोळा जोडपी आणि एक सुटं अक्षर, सगळी मिळून दोनशे सत्तेचाळीस. आकडा भयंकर आहे, पण जोडपी म्हणजे आपली बाराखडीच.

शेवटचा शब्द आधी सुटला. त्याचं कारण मी त्याला कालपासून गावभर बघत होते. जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या पाटीच्या शेवटी तीच तीन चिन्हं : 'क', मग दोन वेटोळ्यांची ती 'ऐ'ची खूण, मग इंग्रजी एल अक्षरासारखा काटकोन. काटकोन म्हणजे 'ट'. क-टै. 'ट' दोन स्वरांच्या मध्ये, म्हणून उच्चार कडै. कापडाच्या ढिगाऱ्यावर कडै, सोन्याच्या झगमगाटावर कडै, चपलांवर कडै. अर्थ सांगायला कुणी लागत नाही. दुकान.

मग मधली ओळ. वेलांटीवाली चौकट, मग दोन सारखी अक्षरं. तमिळचे 'क' आणि 'त' दिसायला जुळे भाऊ आहेत. 'त'ची शेपटी ओळीच्या खाली उतरून वळते, 'क'ची उतरत नाही. इथं दोन्हींना शेपटी होती. पि-त-त. त्यापुढे एक अक्षर जे तक्त्यावर नव्हतंच, आणि शेवटी पुन्हा चौकट, 'प'.

तिसऱ्या ओळीची सुरुवात : चौकट आणि काना, 'पा'. मग 'त'. मग वेलांटीवाला 'त', म्हणजे 'ति', त्यापुढे पुन्हा एक काना, मग एक 'क', मग कडै.

मी वहीत लिहिलं :

पि त त (?) प
पा त ति ा क कडै

"पि त त," मावशीनं चष्मा लावून वाचलं. "पित्त."

ते मलाही सुचलं नव्हतं. टिंबं उडालेली असणार! पाटीवर सगळ्यांत आधी जातं ते टिंबच. एवढासा रंगाचा थेंब, ऊन-पावसात किती टिकणार? पहिल्या 'त'वर पुळ्ळी होती असं धरलं तर झालं 'पित्त'. ताडपत्रवाले भोक पडू नये म्हणून टिंब देत नसत, आणि इथं रंगाऱ्यानं दिलेलं टिंब पावसानं नेलं. वाचणाऱ्याची अडचण तीच.

"वैद्याचं दुकान आहे," मावशीनं निकाल दिला.

हे इतकं पटण्यासारखं होतं की मी पुढचा निम्मा दिवस त्याच वाटेनं गेले. पहिल्यांदा सुचलेला अर्थ डोक्यात घर करतो आणि मग बाकीची अक्षरं त्याच्या सोयीनं वाकायला लागतात.

दिवस तिसरा : दुपार, स्वामिमलै

स्वामिमलैला मुरुगनचं देऊळ उंचावर आहे आणि चढायला साठ पायऱ्या आहेत. साठ का, तर साठ संवत्सरांच्या साठ. पायरीपाशी नाव लिहिलेलं दिसलं तेव्हा मी मावशीला थांबवलं. तिला थांबायला निमित्तच हवं होतं, गुडघे बोलत होते.

"मावशी, संवत्सरांची नावं सांग. क्रमानं."

"प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापती..." तिनं डोळे मिटून सुरुवात केली. पंचांग तिला तोंडपाठ.

स्टेशनात दोन-तीन नावं मिळाली होती. इथं क्रमानं साठ! मी पहिल्या पायरीचं नाव बघितलं. चार अक्षरं. वेलांटीवाली चौकट, एक पाय तिरका असलेलं अक्षर, नुसती चौकट, आणि 'व'. पि-र-प-व. प्रभव. दुसऱ्यात वि-प-व. विभव.

दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, तमिळ जोडाक्षर टाळून मध्ये स्वर घालतं. 'प्र'चा 'पिर' होतो. दोन, 'प'ची चौकट 'भ'चंही काम करते. संस्कृतातून आलेल्या शब्दाच्या मूळ उच्चारात काय होतं ते अक्षर सांगत नाही, ते वाचणाऱ्याला आधीच माहीत असावं लागतं.

आणि तिथंच मी पुन्हा फसले. चौकट 'भ' असू शकते म्हटल्यावर तिसरी ओळ मला लख्ख दिसली : पा-त. भात.

"पित्त आणि भात?" मावशी दहाव्या-बाराव्या पायरीवर बसली होती. "म्हणजे पित्तावर भात खा म्हणतोय. शहाणा वैद्य."

हसून झालं, पण मला आता शंका यायला लागली. दुकानाच्या पाटीवर पथ्य कोण लिहितं? आणि 'भात' हा मराठी शब्द तमिळ रंगारी कशाला लिहील? माझ्या वाचनात दुकान कमी आणि मीच जास्त होते.

मी वही काढून पुन्हा बघितली. यावेळी अर्थ बाजूला ठेवला आणि फक्त लिपीचा नियम लावला. तिसऱ्या ओळीत 'ति' आणि लगेच काना. एका अक्षराला वेलांटी आणि काना दोन्ही कसे लागतील? मराठीत लागत नाहीत, तमिळमध्येही नाहीत. म्हणजे ती उभी खूण काना नव्हतीच. मग कोण? मी नुकतीच 'प्रभव'च्या पायरीवरून आले होते. तमिळ 'र' आणि काना एकमेकांसारखे दिसतात, फरक 'र'च्या खालच्या तिरक्या पायाचा. तो पाय पाटीवर उडालेला असणार, आणि उरलेल्याला मी वहीत सरळ रेघ ओढून काना करून टाकलं होतं.

पा-त-ति-र. पहिल्या 'त'वर टिंब धरलं तर पात्तिर.

"प्रभवचं पिरभव होतं ना," मी म्हणाले, "मग पात्तिर कशाचं होईल?"

मावशीनं क्षणभर ओठ हलवले. "पात्र!"

भात गेला, भांडं आलं. पात्तिर आणि कडै यांच्या मध्ये एक 'क' उरत होता, पण त्याचंही उत्तर बाजारातल्या वहीत होतं. कापडाच्या दुकानावर 'तुणिक् कडै', दागिन्यांच्या दुकानावर 'नगैक् कडै'. पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन आधीच्या शब्दाच्या शेपटाला चिकटतं. ते आजकालच्या कित्येक पाट्यांवर गाळलेलं दिसतं, आमच्या रंगाऱ्यानं मात्र नेमानं लिहिलं होतं. आणि मग मधल्या ओळीच्या शेवटचा तो एकटा 'प'सुद्धा कळला. तो 'पात्तिर'मधल्या 'प'ची सावली. शब्दाचा भाग नाहीच.

म्हणजे आता कोडं एवढंच : पित्त-काहीतरी भांड्यांचं दुकान.

ते काहीतरी अक्षर कसं होतं सांगते. डावीकडे वेटोळं, त्याला जोडून कमान आणि पाय, इथपर्यंत तक्त्यावरच्या दोन-तीन अक्षरांशी जमत होतं. पण त्याच्या डोक्यावरून एक वळण निघून पुढे आलं होतं, हत्तीनं सोंड उचलावी तसं. तक्त्यावर सोंडवालं अक्षर एकही नाही.

वर पोचल्यावर देवाचं दर्शन झालं, आणि उतरताना कोपऱ्यातल्या भिंतीत एक संगमरवरी फरशी दिसली. कुणीतरी देणगी दिली त्याची. साल इंग्रजी आकड्यांत : १९६१. देणगीदाराचं नाव मी वाचायला घेतलं नाही, कारण मला ओळीच्या सुरुवातीलाच गावाचं नाव दिसलं. सु-वा-मि-म... आणि शेवटी सोंड.

मी काल हेच नाव स्टेशनात पाहिलं होतं. तिथं शेवटी दोन वेटोळी आणि 'ल'. इथं वेटोळी नाहीत, 'ल'च्याच डोक्यावर सोंड. नाव एकच, मग सोंड म्हणजे 'ऐ'.

लॉजच्या म्हाताऱ्या मॅनेजरांना रात्री मी पाटीबद्दल नाही, फक्त सोंडेबद्दल विचारलं. पैजेत हे बसतं की नाही यावर मावशीचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांनी सोंड बघताच हसून "पळैय एळुत्तु" म्हटलं. जुनं अक्षर. ते शाळेत हेच शिकले होते. १९७८ साली तमिळनाडू सरकारनं लिपीत सुधारणा केली आणि तेरा अक्षरांची अशी वळणं काढून ती बाकीच्या बाराखडीसारखी सरळ केली. पेरियार त्यांच्या छापखान्यात १९३५ पासूनच तशी सुधारलेली अक्षरं वापरत होते. सरकारला पटायला चार दशकं लागली. 'ऐ'ची सोंड फक्त चार अक्षरांना होती. मॅनेजरांनी माझ्या वहीत ती चारही काढून दिली : णै, लै, ळै, नै. बॉलपेननं, एका झटक्यात, हात जराही न थांबता.

दिवस चौथा : कुंभकोणम, पहाट

चार पर्याय मी झोपण्याआधी वहीत लिहिले होते. पित्तणै. पित्तलै. पित्तळै. पित्तनै. भांड्यांचं दुकान. सकाळी तोंड धुताना मावशीनं ते वाचले आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून काहीतरी बोलली. नीट ऐकू आलं नाही, पण गरजही नव्हती.

पितळ.

तरी कानाला गोड लागलं म्हणून सोडून देण्यात अर्थ नव्हता. पित्तही कानाला गोडच लागलं होतं. अक्षराचं अंग खरंच 'ळ'चं आहे का ते पाटीवर बघायला हवं होतं, आणि 'ळ' मला एका खात्रीच्या जागी माहीत होता. स्टेशनातल्या स्वच्छतागृहांवर, बाईचं चित्र आणि बाप्याचं चित्र, दोन्हींखालच्या शब्दांच्या शेवटी तीच दोन अक्षरं होती. 'गळ'. पेण्गळ, आण्गळ. तमिळमधलं अनेकवचन. मी तिथला 'ळ' वहीत काढून ठेवला होता. जगात कुठेही जा, दोन भाषांत पाटी नसली तरी त्या दारांवर चित्र असतं.

सात वाजायच्या आत आम्ही गल्लीत पोचलो. आधीच्या दोन खेपांना मी पाटी संध्याकाळी पाहिली होती, समोरून, सपाट उजेडात. गल्ली पूर्व-पश्चिम आहे. सकाळचं ऊन गल्लीच्या तोंडातून शिरून भिंतीला घासत येत होतं, आणि पाटी वेगळीच दिसत होती. रंग जिथं जाड होता तिथलं लाकूड त्यानं इतकी वर्षं झाकून ठेवलेलं; आजूबाजूचं लाकूड मात्र उन्हापावसानं झिजून खाली गेलेलं. फरक नखाच्या जाडीचाही नसेल. पण तिरप्या उन्हात अक्षराच्या एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला बारीक सावली पडली, आणि जिथं रंगाचा कणही नव्हता तिथं अक्षर उठून आलं.

'ति'च्या पुढच्या उभ्या रेघेला खाली तिरका पाय होता. पहिल्या 'त'च्या डोक्यावर मुगाएवढा उंचवटा होता, पुळ्ळी. 'क'वरही होता. मी मावशीला बोट दाखवत होते आणि ती "हो, हो, दिसतंय" म्हणत होती. तिला दिसत होतं की नाही कोण जाणे.

आता सोंडेखालचं अक्षर. 'ळ' आणि 'न' दोघांनाही डावीकडे वेटोळं आहे, त्यामुळे वेटोळ्यावर भिस्त ठेवून चालत नाही. उजवीकडचं अंग बघावं लागतं. मी वहीतला स्वच्छतागृहाचा 'ळ' समोर धरून एकेक रेघ पडताळली. मग मॅनेजरांचं चित्र धरलं. जमलं.

पित्तळैप् पात्तिरक् कडै. पितळी भांड्यांचं दुकान. रंगाऱ्यानं सोंड काढलीय म्हणजे पाटी १९७८ च्या आधीची असण्याचा संभव दांडगा, पण पक्कं नाही. हुकूम निघाला म्हणून हात एका दिवसात बदलत नाहीत. मॅनेजर अजून सोंडच काढतात.

फळ्या आतून सरकल्या आणि विशी-बाविशीचा एक मुलगा बाहेर आला. त्यानं प्लास्टिकच्या बादल्यांची चळत आणून पाटीखाली ठेवली. मग टब, मग मग, मग केरभरण्या. पाचच मिनिटांत दार लाल-हिरव्या प्लास्टिकनं भरून गेलं.

मी पाटीकडे बोट करून म्हणाले, "पित्तळैप् पात्तिरक् कडै."

त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, परत माझ्याकडे. मग तो रस्त्यात आला, आमच्या शेजारी उभा राहिला आणि ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून कपाळाशी हात धरून वाचायला लागला. "पित्त..." सोंडेपाशी तो अडला. मी वहीतलं चित्र पुढे केलं. तो हसला, आणि पूर्ण ओळ त्यानं वाचली. त्याच्या तोंडी तो 'ळ' माझ्यापेक्षा मऊ होता आणि शेवटचा 'डै' आखूड. मी तसं म्हणून बघितलं. त्यानं मान हलवली, पुन्हा म्हणून दाखवलं. तिसऱ्या खेपेला त्यानं मला सोडून दिलं.

"अम्मा," तो मावशीला म्हणाला आणि इंग्रजी, तमिळ, हातवारे यांच्या मिश्रणातून सांगितलं : आजोबांचं दुकान. पितळ तेव्हा. आता हे.

"वरची ओळ?" मावशीनं मला विचारलं. "ती राहिली की."

"पैज पाटीची होती, ओळीची नाही."

"पाटीलाच तीन ओळी आहेत."

मी वर बघितलं. तारांच्या पलीकडे, ऊन पोचत होतं तेवढ्या भागात, एक चौकट दिसत होती आणि तिच्या पुढे काना. किंवा 'र'.

मावशीला तोवर वेगळाच उद्योग सुचला होता. पितळेची पाटी एवढी वाचून झाल्यावर पितळेचं एक निरांजन घेतल्याशिवाय ती गाव सोडणार नव्हती. तिनं दोन तळव्यांची वाटी करून त्यावर ज्योत दाखवली. मुलाला लगेच कळलं. त्यानं गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग आमचे चेहरे बघून थांबला. आत जाऊन एक कागदाचा कपटा आणला आणि भिंतीला टेकवून दुकानाचं नाव आणि पत्ता भराभर लिहून दिला.

आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो.

"वाच," मावशी म्हणाली.

मी कपटा उन्हात धरला. एकाही अक्षरावर टिंब नव्हतं. चौकटींचे कोपरे गोल झाले होते, 'क' आणि 'त' दोघांच्याही शेपट्या पुढच्या अक्षरात शिरल्या होत्या, आणि सगळी ओळ हात न उचलता लिहिलेली होती.